आठ किलोंची मुलगी आणि तीन प्लॅन: बालरोगाच्या केस-प्रश्नातले निर्जलीकरण

गगनबावडा तालुक्यातील एका वाडीवरून ११ महिन्यांच्या मुलीला आईने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले आहे. दोन दिवसांपासून तिला पाण्यासारखे जुलाब होत आहेत. कालपासून दहा वेळा शी झाली आणि दोनदा उलटी झाली. शौचात रक्त नाही. आज वजन ८ किलो भरले. आठवड्यापूर्वी अंगणवाडीत केलेली नोंद ८.६ किलोंची आहे. मुलगी सारखी किरकिर करते आणि कडेवर घेतले तरी शांत होत नाही. तिचे डोळे खोल गेलेले दिसतात. पाण्याची वाटी समोर धरली की ती दोन्ही हातांनी ओढून घेते. पोटावरील त्वचेची चिमटी सोडल्यावर घडी क्षणभर दिसते आणि दोन सेकंद पूर्ण होण्याआधी मोडते. दंडाचा घेर १३.२ सेंमी आहे. निर्जलीकरणाचे वर्गीकरण करा आणि उपचाराची योजना मिलिलिटरमध्ये लिहा.

ही केस मी कोल्हापुरातल्या माझ्या विद्यार्थ्यांसाठी रचलेली आहे, पण एमबीबीएसच्या अंतिम वर्षाच्या किंवा पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतला प्रश्न बहुधा याच घडणीचा असतो. निर्जलीकरण नसताना, काही प्रमाणात असताना आणि तीव्र असताना द्यायच्या उपचारांचे, म्हणजे प्लॅन ए, बी आणि सीचे, आकडे विद्यार्थ्यांना पाठ असतात. चूक होते ती त्याच्या आधी, म्हणजे लक्षणे मोजताना; आणि त्यानंतर, म्हणजे वयाची किंवा कुपोषणाची एखादी ओळ वाचायची राहून गेल्यावर. म्हणून या लेखात एकच मुलगी शेवटपर्यंत सोबत ठेवली आहे. तिच्या केसमधली एकेक ओळ बदलली की उत्तर कुठे आणि का वळते, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: चार लक्षणे, आणि तीही नीट पाहिलेली

दोन महिने ते पाच वर्षे या वयोगटासाठी बालआजारांच्या एकात्मिक उपचारपद्धतीच्या, म्हणजे आयएमएनसीआयच्या, तक्त्यात निर्जलीकरण ठरवताना चारच गोष्टी पाहतात: मुलाची एकूण अवस्था, डोळे, पाणी पिण्याची तऱ्हा आणि त्वचेची चिमटी. कोरडी जीभ, डोळ्यांत अश्रू नसणे, बसलेली टाळू, कमी झालेली लघवी ही लक्षणे प्रश्नात मुद्दाम पेरलेली असतात. ती खोटी नसतात, पण वर्गीकरणाच्या मोजणीत ती धरायची नाहीत. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाची जीभ पाणी पुरेसे असूनही कोरडी पडते. पाण्यासारखे जुलाब होत असताना लंगोटातली ओल लघवीची की शौचाची, हे आईलाही सांगता येत नाही.

अवस्था पाहताना मूल झोपलेले आहे की सुस्त आहे हा फरक आधी करावा लागतो. झोपलेल्या मुलाला उठवले की ते रडते आणि आईला शोधते. सुस्त मूल डोळे उघडे ठेवून पडलेले असले तरी आजूबाजूला काय चालले आहे याकडे त्याचे लक्ष नसते. हाक मारली, टाळी वाजवली तरी ते नजर देत नाही. प्रश्नात ‘मूल शांत पडून आहे’ एवढेच लिहिले असेल, तर पुढच्या वाक्यात त्याला उठवण्याचा प्रयत्न झाला की नाही, हे शोधावे.

डोळ्यांबाबत आईला विचारणे हा तपासणीचाच एक भाग आहे, कारण काही मुलांचे डोळे मुळातच खोलगट असतात. आमच्याकडची आई ‘डोळं पार आत गेल्यात बघा, परवा असं न्हवतं’ असे म्हणाली, तर ते लक्षण पक्के धरावे. ‘हिचं डोळं बापावर गेल्यात’ असे म्हणाली, तर धरू नये.

तहान पाहायची तर पाणी प्रत्यक्ष पाजूनच पाहावे लागते. ‘पाणी पिते का’ असा प्रश्न विचारून भागत नाही. वाटी किंवा चमचा तोंडाशी नेल्यावर मूल गिळू शकत नसेल, किंवा अशक्तपणामुळे जेमतेम घोट घेत असेल, तर ते ‘पिऊ शकत नाही किंवा नीट पीत नाही’ या गटात जाते. जे झडप घालते आणि वाटी दूर नेली की रडते, ते तहानलेले. दिले तर प्यायले, नेले तर हरकत नाही, हे सामान्य पिणे.

चिमटीचा भाग मी विद्यार्थ्यांकडून मुद्दाम करून घेतो, कारण तिथे हात चुकतो. बेंबी आणि पोटाची बाजू यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये त्वचा धरायची. बोटांची टोके वापरली तर मुलाला दुखते आणि घडीही नीट येत नाही. घडी शरीराच्या लांबीला समांतर, म्हणजे उभी असावी. त्वचेबरोबर तिच्याखालचा थरही उचलायचा, एक सेकंद धरायचा आणि सोडायचा. घडी दोन सेकंदांहून जास्त टिकली तर ‘फार हळू’. सोडल्यावर क्षणभर दिसून मोडली तर ‘हळू’. दिसलीच नाही तर ‘ताबडतोब’. बहुतेक प्रश्नांमध्ये बी आणि सी यांची हद्द याच दोन सेकंदांवर ठरते.

दुसरी पायरी: दोनचा नियम वरून खाली लावणे

तक्ता वरून खाली वाचायचा असतो. सर्वांत वर तीव्र निर्जलीकरण आहे. सुस्त किंवा बेशुद्ध, डोळे खोल, पिऊ शकत नाही किंवा नीट पीत नाही, चिमटी फार हळू जाते: या चारांपैकी कोणतीही दोन लक्षणे असली की वर्गीकरण तिथेच संपते. ती दोन मिळाली नाहीत तर खालच्या ओळीत यायचे: अस्वस्थ किंवा चिडचिडे, डोळे खोल, तहानलेले, चिमटी हळू जाते. यातली दोन असली की काही प्रमाणात निर्जलीकरण. तीही मिळाली नाहीत तर निर्जलीकरण नाही.

यात एक गोष्ट सहज निसटते. खोल गेलेले डोळे दोन्ही ओळींत आहेत. समजा एखादे मूल तहानलेले आहे, डोळे खोल आहेत आणि चिमटी तीन सेकंद टिकते. बरेच विद्यार्थी ‘पाणी मागते आहे, म्हणजे तीव्र नाही’ असे म्हणून प्लॅन बी लिहितात. पण वरच्या ओळीतली दोन लक्षणे, खोल डोळे आणि फार हळू जाणारी चिमटी, इथे आधीच जमली आहेत. वर्गीकरण तीव्र आहे आणि योजना सी आहे. तहानेने ते खाली उतरत नाही.

उलट बाजूही पाहून ठेवावी. मूल सुस्त आहे, डोळे खोल नाहीत, पाणी सामान्य पिते आणि चिमटी हळू जाते. वरच्या ओळीतले एकच लक्षण आहे आणि खालच्या ओळीतलेही एक. अशी एक वरची आणि एक खालची खूण जमली, तर वर्गीकरण काही प्रमाणात निर्जलीकरण असे होते. मात्र सुस्ती हे आयएमएनसीआयमध्ये धोक्याचे सर्वसाधारण लक्षणही आहे, त्यामुळे हे मूल केंद्रात चार तास बसवून ठेवायचे नाही. वाटेत ओआरएसचे घोट आणि आईचे दूध चालू ठेवून त्याला वरच्या रुग्णालयात पाठवायचे. निर्जलीकरणाचे वर्गीकरण आणि पाठवण्याचा निर्णय हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि परीक्षक बहुतेक वेळा दुसऱ्याचे गुण वेगळे ठेवतो.

आता आपल्या मुलीकडे येऊ. ती चिडचिडी आहे, डोळे खोल आहेत, तहानलेली आहे आणि चिमटी हळू जाते. वरच्या ओळीत फक्त डोळे बसतात. खालच्या ओळीत चारही खुणा आहेत. वर्गीकरण काही प्रमाणात निर्जलीकरण, योजना बी.

वजनाची नोंद केसमध्ये दिलेली असेल तर ती पडताळणीसाठी वापरावी. ८.६ किलोंवरून ८ किलो म्हणजे ६०० ग्रॅमची घट, साधारण ७ टक्के. काही प्रमाणात निर्जलीकरणात शरीराच्या वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी गेलेले असते आणि तीव्र निर्जलीकरणात १० टक्क्यांहून जास्त, त्यामुळे लक्षणे आणि वजन इथे एकमेकांना दुजोरा देतात. प्रत्यक्षात आधीचे वजन क्वचितच मिळते, आणि मिळाले तरी ते त्याच काट्यावरचे असेलच असे नाही, म्हणून लक्षणांवरून झालेले वर्गीकरण वजनाने मोडीत काढू नये.

तिसरी पायरी: प्लॅन बी मिलिलिटरमध्ये आणि चमच्यामध्ये

प्लॅन बीचे सूत्र दर किलोला ७५ मिली ओआरएस, चार तासांत. ५ ते १० टक्के तूट म्हणजे दर किलोला ५० ते १०० मिली, आणि ७५ हा त्याचा मध्य. आपल्या मुलीसाठी ७५ गुणिले ८, म्हणजे ६०० मिली. वजनाच्या नोंदीतली घट ६०० ग्रॅम आहे, हे लक्षात आले असेलच. केस रचताना मी ते जुळवून घेतले, पण सूत्र कुठून आले हे त्यामुळे लवकर ध्यानात येते.

वजनकाटा नसेल तर वयावरून अंदाज घ्यायचा असतो आणि चार ते बारा महिन्यांच्या बाळासाठी तो ४०० ते ७०० मिली आहे. प्रश्नात वजन दिलेले असताना वयाचा तक्ता वापरून ‘४०० ते ७००’ असे लिहिणे हे अर्धे उत्तर ठरते.

६०० मिली चार तासांत म्हणजे तासाला १५० मिली. पाच मिलीच्या छोट्या चमच्याने पाजायचे तर दर दोन मिनिटांनी एक चमचा. तोंडी परीक्षेत ‘आईला काय सांगाल’ असे विचारले तर हाच आकडा द्यावा, कारण आईच्या घरी मोजपात्र नसते, चमचा असतो. बाळाने आणखी मागितले तर आणखी द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा, असे पुन्हा सुरू करावे. दोन उलट्या झाल्या म्हणून थेट सलाईन लावण्याचे कारण नाही. पर्यायांमध्ये ‘उलट्या होत असल्याने शिरेतून द्रव’ असे एक उत्तर ठेवलेले असते आणि ते आकर्षक दिसते. या चार तासांत आईचे दूध चालूच राहते. बाकीचे अन्न चार तासांनंतर.

ओआरएस म्हणजे कमी ऑस्मोलॅरिटीचे, ज्याची एकूण तीव्रता लिटरमागे २४५ मिलिऑस्मोल असते, आणि सोडियम व ग्लुकोज प्रत्येकी ७५ मिलिमोल. जुन्या मिश्रणात हाच एकूण आकडा ३११ आणि सोडियम ९० होते. ही दोन्ही मिश्रणे एकाच प्रश्नात समोरासमोर ठेवली जातात. आकड्यांइतकेच पाकिटाचे पाणीही महत्त्वाचे आहे. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते, पण ‘ताकद येऊ दे’ म्हणून अनेक घरांत ते एका मोठ्या पेल्यात कालवतात. केसमध्ये आईने असे केल्याचा उल्लेख असेल आणि मूल भरपूर पिऊनही विलक्षण चिडचिडे, तहानलेले असेल, तर रक्तातले सोडियम वाढले असण्याचा विचार करावा. अशा मुलाची त्वचा हाताला मळलेल्या कणकेसारखी लागते, आणि चिमटी जितकी बिघडायला हवी तितकी बिघडत नाही. तिथे घाईने पाणी भरल्यास मेंदूला सूज येऊन झटके येऊ शकतात, म्हणून दुरुस्ती सावकाश, साधारण ४८ तासांत करतात. हा प्रश्न बी आणि सी यांच्या चौकटीबाहेरचा आहे आणि त्याला सोडियमची तपासणी लागते.

चार तासांनी पुन्हा तीच चार लक्षणे पाहायची आणि पुन्हा वर्गीकरण करायचे. इथे डोळ्यांवर फार विसंबू नये. खोल गेलेले डोळे इतर लक्षणांपेक्षा हळू सुधारतात. चिमटी ताबडतोब जाते, मूल खेळते आणि तहान शमली आहे, तर प्लॅन ए. काही प्रमाणात निर्जलीकरण तसेच असेल, तर प्लॅन बी पुन्हा, आणि आता खाणेही सुरू करायचे. पापण्या सुजलेल्या दिसल्या तर द्रव जास्त झाला. ओआरएस थांबवून साधे पाणी आणि आईचे दूध द्यायचे.

आपली मुलगी सुधारली असे धरले तर घरी पाठवताना प्लॅन एचा मजकूर थोडक्यात असा: दोन वर्षांखालील असल्याने प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली ओआरएस, नेहमीचे खाणे चालू, झिंक २० मिलिग्रॅम रोज एकदा १४ दिवस. सहा महिन्यांखालील बाळाला झिंकची मात्रा १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून चौथ्या दिवशी झिंक बंद करतात, त्यामुळे ‘१४ दिवस’ हा शब्द उत्तरात लिहावाच.

चौथी पायरी: तीच मुलगी, पण चित्र बिघडलेले

प्रश्नाचा दुसरा भाग असा जोडलेला असतो. प्लॅन बी चालू असताना तिसऱ्या तासाला तिला आणखी पाच मोठी पातळ शौचे झाली. आता ती निपचित पडली आहे, नाव घेतले तरी नजर देत नाही, चमच्यातले पाणी ओठांवरून ओघळते, चिमटी तीन सेकंद टिकते. वरच्या ओळीतल्या चारही खुणा आहेत. चार तास पूर्ण होण्याची वाट पाहायची नाही. मूल बिघडले की त्याच क्षणी पुन्हा वर्गीकरण होते.

प्लॅन सी म्हणजे शिरेतून दर किलोला १०० मिली रिंगर लॅक्टेट; ते नसेल तर नॉर्मल सलाईन. नुसते पाच टक्के डेक्स्ट्रोज हे उत्तर कधीही नसते, कारण त्यात सोडियम नाही आणि ते रक्तवाहिन्यांत टिकत नाही. एकूण ८०० मिली. त्याचे दोन भाग करायचे, आधी दर किलोला ३० आणि नंतर दर किलोला ७०. म्हणजे २४० मिली आणि ५६० मिली.

आता वय वाचायचे. बारा महिन्यांखालील बाळाला पहिला भाग एका तासात आणि दुसरा पाच तासांत, म्हणजे एकूण सहा तास. बारा महिने पूर्ण झालेल्या मुलाला पहिला भाग अर्ध्या तासात आणि दुसरा अडीच तासांत, एकूण तीन तास. आपली मुलगी ११ महिन्यांची आहे, त्यामुळे २४० मिली एका तासात आणि ५६० मिली पाच तासांत, तासाला ११२ मिली. एका मिलीत २० थेंब पडणारा सेट असेल तर पहिल्या तासात मिनिटाला ८० थेंब आणि पुढे साधारण ३७ थेंब. केसमध्ये ‘११ महिने’ याच्या जागी ‘१३ महिने’ लिहिले तर मात्रा तीच राहते आणि वेग दुप्पट होतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. इंटर्न असताना, पावसाळ्यातल्या एका रात्री जुलाबाची मुले एकामागून एक येत होती, आणि मी एका दहा महिन्यांच्या बाळाच्या कागदावर तीन तासांची योजना लिहिली. सलाईन लावणाऱ्या सिस्टरांनी कागद परत आणून फक्त ‘डॉक्टर, वय वाचलं का?’ एवढेच विचारले. थेंब सुरू झाले नव्हते. तेव्हापासून गणित करण्याआधी कागदाच्या डोक्यावर वय महिन्यांत आणि वजन किलोत लिहून त्याभोवती चौकट काढायची सवय मला लागली, आणि परीक्षेच्या कच्च्या कागदावरही ती चालते.

पहिला भाग संपल्यावर मनगटाची नाडी पाहायची. ती अजून फार क्षीण असेल किंवा लागतच नसेल, तर दर किलोला ३० मिलीचा तोच भाग त्याच वेळेत एकदा पुन्हा द्यायचा. नाडी भरदार लागेपर्यंत दर १५ ते ३० मिनिटांनी आणि त्यानंतर किमान तासातासाने मुलाकडे जायचे. मूल पिऊ लागले की सलाईन चालू असतानाच दर किलोला तासाला ५ मिली ओआरएस सुरू करायचे; आपल्या मुलीसाठी ते तासाला ४० मिली होते. बाळांमध्ये ही वेळ साधारण तीन-चार तासांनी येते, मोठ्या मुलांमध्ये एक-दोन तासांनी. हे लिहायला विद्यार्थी विसरतात. सहा तासांनी, किंवा मोठ्या मुलात तीन तासांनी, पुन्हा वर्गीकरण करून ए, बी किंवा सी निवडायचा.

सुस्ती हे धोक्याचे लक्षण असूनही हिला लगेच पाठवायचे नाही का, असा प्रश्न इथे रास्त आहे. दुसरे कोणतेही गंभीर वर्गीकरण नसेल आणि केंद्रात सलाईनची सोय असेल तर प्लॅन सी तिथेच द्यायचा, कारण पाणी भरल्यावर ती सुस्ती बहुधा उतरते. तिला सोबत गंभीर न्यूमोनियासारखे काही असेल, तर मात्र पाठवायचे.

पाचवी पायरी: सलाईन नाही तेव्हा

गगनबावडा हे नाव मी केसमध्ये उगीच घातले नाही. तिथून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर आहे, आणि जुलै महिन्यातल्या पावसात त्या रस्त्याला तासाहून जास्त वेळ लागतो. प्लॅन सीचा आराखडा प्रश्नांच्या साखळीसारखा आहे. सलाईन आत्ता, इथेच लावता येते का? येत असेल तर लावा. नसेल, तर अर्ध्या तासाच्या अंतरावर ती सोय आहे का? असेल तर ताबडतोब पाठवा, आणि पिऊ शकत असल्यास वाटेत आईला ओआरएसचे घोट पाजायला सांगा. तीही नसेल, तर नाकातून जठरात नळी घालता येते का? येत असेल तर त्या नळीने दर किलोला तासाला २० मिली ओआरएस सहा तास द्या.

आपल्या मुलीच्या केंद्रात शीर सापडत नाही आणि कोल्हापूर अर्ध्या तासात गाठता येत नाही, असे प्रश्नात असेल, तर उत्तर १०८ ला फोन करून वाट पाहणे असे नाही. राइल्स ट्यूब घालून तासाला १६० मिली ओआरएस सुरू करायचे. सहा तासांत ते ९६० मिली होते. गाडी आली तरी नळीतले ओआरएस वाटेत चालू ठेवता येते. पोट फुगू लागले किंवा उलट्या वाढल्या तर वेग कमी करायचा. तीन तासांत सुधारणा नसेल तर सलाईनच्या ठिकाणी पाठवायचेच. दर किलोला १०० मिली आणि दर किलोला एकूण १२० मिली हे दोन आकडे विद्यार्थी एकमेकांत मिसळतात. पहिला शिरेचा आहे, दुसरा नळीचा.

सहावी पायरी: दंडाचा घेर बदलला की

केसमधली १३.२ सेंमीची ओळ आतापर्यंत निरुपयोगी वाटली असेल. आता दुसरे मूल घेऊ. करवीर तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात फडाजवळ पालात राहणाऱ्या कुटुंबातला १४ महिन्यांचा मुलगा, वजन ६ किलो, दंडाचा घेर १०.९ सेंमी, पायांना सूज नाही. कालपासून पाण्यासारखे जुलाब. तो चिडचिडा आहे, डोळे खोल आहेत, वाटीसाठी हात पुढे करतो, चिमटी तीन सेकंद टिकते. हात गरम आहेत आणि नाडी चांगली लागते.

दोनचा नियम जसाच्या तसा लावला तर डोळे आणि चिमटी मिळून तीव्र निर्जलीकरण येते, आणि विद्यार्थी ६०० मिली रिंगर लॅक्टेट तीन तासांत लिहितो. हे उत्तर त्या मुलाच्या हृदयाला झेपणार नाही. दंडाचा घेर ११.५ सेंमीपेक्षा कमी असल्याने हे तीव्र कुपोषण आहे. अशा मुलाच्या त्वचेखालची चरबी गेलेली असते, त्यामुळे चिमटी पाणी पुरेसे असतानाही हळू जाते आणि डोळे आधीपासूनच खोल असतात. सूज असलेल्या कुपोषणात नेमके उलटे होते. निर्जलीकरण असूनही त्वचा ताठ दिसते. म्हणून इथे चार लक्षणांऐवजी इतिहासावर जास्त भर द्यावा लागतो: जुलाब किती आणि कधीपासून, डोळे अलीकडेच आत गेले का, मूल खरोखर पाणी मागते का. या मुलाला तहान आहे आणि जुलाब कालचे आहेत, म्हणून निर्जलीकरण आहे असे धरून चालायचे, पण त्याची तीव्रता चिमटीवरून ठरवायची नाही.

शॉक नसताना शिरेतून द्रव द्यायचा नाही, हा इथला मुख्य नियम. तोंडाने किंवा नळीने, दर किलोला ५ मिली दर अर्ध्या तासाला, पहिले दोन तास. ६ किलोंच्या मुलाला अर्ध्या तासाला ३० मिली, दोन तासांत १२० मिली. त्यानंतर दर किलोला ५ ते १० मिली, एक तास हा द्रव आणि पुढचा तास एफ-७५ हा सुरुवातीचा आहार, असे आलटून पालटून, जास्तीत जास्त दहा तास. द्रव म्हणून रिसोमाल हे कुपोषित मुलांसाठीचे मिश्रण सांगितलेले आहे. ते हाताशी नसेल तर कमी ऑस्मोलॅरिटीचे ओआरएस अर्धे पातळ करून त्यात पोटॅशियम आणि ग्लुकोज वाढवून देतात, कारण या मुलांच्या शरीरात सोडियम जास्त आणि पोटॅशियम कमी असते. हेच मूल चांगल्या पोषणाचे असते तर प्लॅन बीनेसुद्धा चार तासांत ४५० मिली गेले असते. दोन तासांत १२० या आकड्याशी त्याची तुलना केली की, सावकाश म्हणजे किती सावकाश ते कळते.

पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाला आणि नंतर तासातासाला श्वास आणि नाडी मोजून कागदावर लिहायची. श्वास मिनिटाला ५ने आणि नाडी १५ने, असे दोन्ही एकत्र वाढले तर द्रव जास्त होतो आहे. तो लगेच थांबवून तासाने पुन्हा पाहायचे. मानेच्या शिरा फुगलेल्या दिसणे आणि पापण्यांना सूज येणे ही त्याच अर्थाची उशिरा दिसणारी चिन्हे आहेत.

परीक्षक शेवटची ओळ बदलून हात थंड, नाडी क्षीण आणि वेगवान, केशवाहिन्या भरायला तीन सेकंदांहून जास्त वेळ आणि मूल सुस्त असे लिहू शकतो. तेव्हा मात्र शीर घ्यायची, पण तेव्हाही प्लॅन सी नाही: दर किलोला १५ मिली, एका तासात, पाच टक्के डेक्स्ट्रोज मिसळलेले रिंगर लॅक्टेट. आपल्या ६ किलोंच्या मुलाला ते ९० मिली होते, आणि तो तास संपेपर्यंत दर दहा मिनिटांनी नाडी आणि श्वास मोजायचा.